टी-एस आकृतीत सुपरहीटमुळे खालचं क्षेत्रफळही वाढतं, मग कार्यक्षमता वाढते कशी?

चैत्रपालवी

नमस्कार. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रँकिन सायकलची टी-एस आकृती ग्राफ पेपरवर मापात काढून बघायची, असं ठरवून दोन दिवस बसले आणि आता पार अडकले आहे.

बॉयलर 60 बार, कंडेन्सर 0.1 बार घेतला. पंप आणि टर्बाइन आदर्श धरले. आडव्या अक्षावर एन्ट्रॉपी, 1 सेमीला 0.5. उभ्या अक्षावर तापमान, 1 सेमीला 50 अंश. म्हणजे एक चौरस सेंटीमीटर बरोबर 25 किलोज्यूल, दर किलो वाफेमागे. आधी सुपरहीट न करता, म्हणजे वाफ 275.6 अंशांना कोरडी झाली की सरळ टर्बाइनमध्ये, असं काढलं. मग त्याच कागदावर लाल पेनने 500 अंशांपर्यंत सुपरहीट करून.

पहिल्या आकृतीत बंद आकाराच्या आत साडेछत्तीस चौकोन भरले. कंडेन्सरच्या रेषेखाली साडेनऊ. आतलं क्षेत्रफळ म्हणजे काम आणि रेषेखालचं म्हणजे फेकून दिलेली उष्णता, असं शिकवलं आहे. त्या हिशोबाने कार्यक्षमता 79 टक्के येते. लाल आकृतीची 81. स्टीम टेबलवरून मात्र 35.4 आणि 38.4 येते. चौकोन तीनदा मोजले, मोजणीत चूक नाही.

दुसरा प्रश्न जास्त छळतो आहे. सुपरहीट केल्यावर आतलं क्षेत्रफळ वाढलं हे दिसतंय. पण आकृती उजवीकडे सरकल्यामुळे कंडेन्सरची रेषाही लांबली, म्हणजे खालचं क्षेत्रफळही वाढलं. टेबलवरून बघितलं तरी तेच: आधी किलोमागे 1672 किलोज्यूल फेकत होतो, आता 1988. जास्त उष्णता वाया घालवून कार्यक्षमता वाढली हे मनाला पटत नाही. सरांना विचारलं तर "आतला एरिया वाढला ना, म्हणून" एवढंच म्हणाले.

अनुरेणू

याचं कारण ड्रायनेस. सुपरहीट न करता वाफ टर्बाइनमधून बाहेर पडते तेव्हा तुमच्या आकड्यांत ड्रायनेस फ्रॅक्शन 0.70 च्या आसपास येईल. म्हणजे किलोभर वाफेत 300 ग्रॅम पाणी. हे थेंब शेवटच्या टप्प्यातल्या ब्लेडवर आपटतात, धार खातात आणि चाकाला ब्रेक लावल्यासारखं काम करतात. सुपरहीट केलं की तोच आकडा 0.83 वर जातो. पाणी कमी, नुकसान कमी, म्हणून कार्यक्षमता जास्त. क्षेत्रफळाच्या भानगडीत पडायची गरज नाही.

चैत्रपालवी

पण मी टर्बाइन आदर्श धरलं आहे. थेंबांमुळे होणारं नुकसान माझ्या गणितात कुठेच नाही. तरी 35.4 चे 38.4 झाले. मग ते तीन टक्के आले कुठून?

तापमापी

हा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. अनुरेणू म्हणतात ते टर्बाइनच्या बाबतीत खरं आहे, पण चैत्रपालवीच्या तीन टक्क्यांचं उत्तर ते नाही. मी औष्णिक केंद्रात टर्बाइन विभागात बरीच वर्षं काढली, नंतर काही काळ शिकवलं. ही आकृती मुलांना नीट दाखवली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 79 टक्क्यांचं बघू. तू उभा अक्ष सेल्सिअसमध्ये काढलास आणि खालची कड शून्य अंशावर ठेवलीस ना? तिथे गाडं अडलं. उष्णता म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ, हे तापमान केल्व्हिनमध्ये असेल तरच खरं. आतल्या बंद आकाराला याने फरक पडत नाही, कारण वरची आणि खालची दोन्ही रेषा सारख्याच सरकतात. म्हणून तुझे साडेछत्तीस चौकोन बरोबर आहेत. त्यांना 25 ने गुण, 912 येतील, टेबलवरून 915 येतात. चूक आहे ती खालच्या पट्ट्यात. कागदाच्या खाली आणखी साडेपाच सेंटीमीटर कागद चिकटव आणि तिथे नवी कड आख. मग मोज.

पुस्तकातल्या आकृत्यांमध्ये जागा वाचवायला ही खालची बाजू कापलेली असते. त्यामुळे फेकलेली उष्णता डोळ्यांना चिंचोळी पट्टी वाटते. प्रत्यक्षात आकृतीचा निम्म्याहून जास्त भाग तोच असतो.

चैत्रपालवी

चिकटवला! खाली आता 67 चौकोन येतात आणि लाल आकृतीला साडेएकोणऐंशी. 36.5 भागिले 103.5 म्हणजे 35.3. लालचे 49.5 भागिले 129, म्हणजे 38.4. टेबलशी जुळलं. किती बरं वाटलं सांगू!

पण दुसरा प्रश्न आहेच. साडेबारा चौकोन जास्त फेकले जातायत.

तापमापी

आता पूर्ण आकृती एकदम बघू नकोस. कात्री घे आणि मनातल्या मनात तिच्या उभ्या पट्ट्या काप. तळापासून, म्हणजे शून्य केल्व्हिनपासून, वरच्या रेषेपर्यंत. एका पट्टीची पूर्ण उंची म्हणजे बॉयलरने दिलेली उष्णता. कंडेन्सरच्या रेषेखालचा तुकडा फेकला जातो, वरचा तुकडा काम होतो.

आता बघ, प्रत्येक पट्टीचा खालचा तुकडा सारख्याच उंचीचा आहे, 319 केल्व्हिन. पट्टी डावीकडची असो की उजवीकडची, एवढा कर ती भरतेच. मग कुठल्या पट्टीतून जास्त टक्के काम निघेल? जी उंच असेल तिच्यातून. बुटक्या पट्टीचा बराचसा भाग हा कर भरण्यातच जातो.

तुझ्या आकृतीचे तीन भाग पाडू. डावीकडे पाणी 46 अंशांवरून 275.6 पर्यंत तापतं. इथल्या पट्ट्या बुटक्या आहेत, सरासरी उंची 427 केल्व्हिन. म्हणून त्या उष्णतेतून फक्त 25 टक्के काम निघतं. मधला सपाट भाग उकळण्याचा, उंची 549 केल्व्हिन, त्यातून 42 टक्के. या दोन्हींची मिळून तुझी 35.4 टक्के झाली.

आता लाल पेनने काय केलंस? या दोन भागांना हातही लावला नाहीस. त्यांची उष्णता तीच, काम तेच, फेकलेलं तेच. उजवीकडे फक्त नव्या पट्ट्या जोडल्यास. त्यात 638 किलोज्यूल उष्णता दिली, 316 फेकली गेली, 322 चं काम झालं. म्हणजे या नव्या पट्ट्यांची स्वतःची कार्यक्षमता 50 टक्के, कारण त्यांची सरासरी उंची 644 केल्व्हिन आहे.

वर्गाची सरासरी 35 असताना 50 गुणांची मुलं वर्गात आली तर सरासरी वाढणारच. ती मुलंही निम्मे गुण गमावतातच, तुझे ते जास्तीचे साडेबारा चौकोन तेच. पण जुनी मुलं 65 गमावत होती.

म्हणून "आतला एरिया वाढला" हे कारण अपुरं आहे. समजा उजवीकडे बुटक्या पट्ट्या जोडता आल्या असत्या, सरासरी उंची 427 वाल्या, तरी आतलं क्षेत्रफळ वाढलंच असतं आणि कार्यक्षमता मात्र घसरली असती. बघायची ती जोडलेल्या पट्टीची उंची.

चैत्रपालवी

सर, हे वाचून मी खरंच पट्ट्या आखल्या. मग सगळ्यात वाईट भाग डावीकडचा आहे, पाणी तापवण्याचा! तिकडे काही करता येत नाही का?

तापमापी

करतातच. टर्बाइनमधून मधेच थोडी वाफ काढून फीडवॉटर तापवतात, ती याचसाठी. बुटक्या पट्ट्या बॉयलरकडून काढून घ्यायच्या. पण तो वेगळा मोठा विषय आहे, इथे फाटा नको फोडायला.

गव्हाण

साखर कारखान्यात को-जनरेशनला शिफ्ट बघतो. आमचा बॉयलर 67 बार, 485 अंश. तुमचं वाचून एक प्रश्न पडला. टर्बाइनच्या एक्झॉस्टला आम्ही पाण्याचा फवारा मारून वाफेचं सुपरहीट मारतो आणि मग ती इव्हॅपोरेटरला देतो. सुपरहीट एवढं चांगलं, तर मग ते आम्ही मुद्दाम घालवतोय का? मागच्या सीझनला एका नव्या साहेबांनी फवारा बंद करून बघायला सांगितलं होतं. दोन तासांत रसाचं ब्रिक्स, म्हणजे घट्टपणा, पडलं आणि पॅनवाल्यांनी आरडाओरडा केला.

तापमापी

गव्हाण भाऊ, तुमचं सुपरहीट हे टर्बाइनच्या नंतरचं आहे, इथे चाललंय ते टर्बाइनच्या आधीचं. दोन्हींचं काम वेगळं. टर्बाइनच्या आधी सुपरहीट म्हणजे उंच पट्टी, तिच्यातून वीज काढायची. टर्बाइन संपलं की वीज काढायचा विषय संपला. आता वाफेने इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर दव धरायचं आणि उष्णता सोडायची. कोरडी गरम वाफ नळीला उष्णता फार सावकाश देते, दव धरणारी भराभर देते. म्हणून फवारा बंद केल्यावर ब्रिक्स पडलं. फवाऱ्याने उष्णता वाया जात नाही, पाण्याची वाफ होऊन तेवढी जास्त वाफ मिळते. फवारा चालू ठेवा.

गव्हाण

बरं वाटलं ऐकून. आमच्या फोरमनचंही हेच म्हणणं होतं, पण त्याला कारण सांगता येत नव्हतं.

दुसरं एक. सीझन संपत आला की आमचं मेन स्टीमचं तापमान 485 वरून 450 पर्यंत घसरतं. सुपरहीटरच्या कॉइलवर राख चिकटते. प्रेशर तेवढंच राहतं, बॉयलर तेवढीच वाफ देतो, पण मेगावॉट कमी. ते याच पट्टीचं ना?

तापमापी

अगदी याच पट्टीचं. उजवीकडच्या सगळ्यात उंच पट्ट्या कापल्या गेल्या. प्रेशर गेज जागचा हलत नाही म्हणून ऑपरेटरला वाटतं सगळं ठीक आहे.

चैत्रपालवीच्या आकड्यांत हे फार स्पष्ट दिसतं. सुपरहीट नसताना एक युनिट विजेला 3.9 किलो वाफ लागते, 500 अंशांना 2.9 किलो. प्रेशर दोन्हीकडे 60 बारच. तुमच्या कंट्रोल रूममध्ये टन वाफ प्रति मेगावॉट-तास हा आकडा लिहीत असाल तर तापमानासोबत तो कसा चढतो ते सीझनभर बघा. आणि सूट ब्लोइंग करताना वॉटरवॉल आणि सुपरहीटर यांतला फरक लक्षात ठेवा. सुपरहीटर घाण झाला तर वाफेचं तापमान पडतं, पण भट्टीच्या भिंती घाण झाल्या तर उलट वाढतं, कारण गॅस पुढे जास्त गरम जातो.

रुळावरचा

मी रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त झालो. वाफेच्या इंजिनांच्या शेवटच्या पिढीवर काम केलं. अनुरेणूंच्या बाजूने थोडं बोलतो. WP आणि WG या इंजिनांना सुपरहीटर होता. मोठ्या फ्लू ट्यूबमधून एलिमेंट आत गेलेली असायची. जुन्या, बिगर-सुपरहीट शंटिंग इंजिनांशी तुलना केली तर कोळसा आणि पाणी दोन्हींत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडे. आम्हाला शिकवलं होतं ते असं, की फरक सिलिंडरमुळे पडतो. वाफ आत आली की थंड भिंतीला लागून तिचं पाणी होतं. पिस्टन ढकलण्याआधीच ती गेली. गाडी सुरू करताना ड्रायव्हर सिलिंडर कॉक उघडे ठेवायचा, चाकांजवळून पांढरा झोत निघायचा ना, तो हे पाणी बाहेर काढायला. वाफ सुपरहीट असली की भिंतीला लागून फक्त थोडी निवते, पाणी होत नाही. तुमच्या पट्ट्यांचा इथे काही संबंध नव्हता.

तापमापी

काका, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत खरं आहे. पिस्टन इंजिनात तेच मोठं कारण होतं. सिलिंडरची भिंत एकदा ताजी वाफ बघते, एकदा निवलेली, आलटून पालटून. जर्मनीत विल्हेल्म श्मिट यांनी 19व्या शतकाच्या शेवटी रेल्वे इंजिनांना सुपरहीटर बसवायला सुरुवात केली ती याच सिलिंडरमधल्या पाण्याच्या त्रासातून सुटायला.

टर्बाइनमध्ये मात्र प्रत्येक टप्पा कायम एकाच तापमानाला असतो, त्यामुळे भिंतीवर पाणी होण्याचा तोटा तिथे तसा नाही. पट्ट्यांचा संबंध तुमच्या इंजिनातही होता, फक्त लहान. तिथे एक्झॉस्ट चिमणीतून हवेत जायचा, 100 अंशांच्या वर. म्हणजे खालची रेषाच वर. सगळ्याच पट्ट्यांतून काम थोडं निघणार.

रुळावरचा

हे मान्य. चिमणीतून वाफ सोडल्याशिवाय भट्टीला ओढ मिळत नव्हती, तेव्हा खालची रेषा वर ठेवणं भागच होतं.

चैत्रपालवी

आज नवीन गोंधळ. वर्गात टर्बाइनची आयसेंट्रॉपिक एफिशियन्सी 85 टक्के घेतली. आता टर्बाइनची रेषा सरळ उभी न येता उजवीकडे कलते. 500 अंशांवरून खाली येताना शेवटचा बिंदू 6.88 एन्ट्रॉपीऐवजी 7.46 ला लागतो. कागदावर काढलं तर बंद आकार मोठा झाला! टर्बाइन खराब केलं आणि काम वाढलं?

तापमापी

वाट बघत होतो कधी विचारतेस त्याची.

आकृतीतलं क्षेत्रफळ म्हणजे उष्णता, हे त्याच रेषेपुरतं खरं आहे जिथे आतल्या आत घर्षण वगैरे होत नाही. खराब टर्बाइनमध्ये एन्ट्रॉपी वाढली ती बाहेरून उष्णता आली म्हणून नाही, आतल्या घुसळणीने वाढली. त्या कलत्या रेषेखालचं क्षेत्रफळ ही उष्णताही नाही आणि कामही नाही. म्हणून ती रेषा नेहमी तुटक काढायची, म्हणजे "इथे क्षेत्रफळ मोजू नका" हे लक्षात राहतं.

मग मोजायचं काय? बॉयलरची वरची रेषा आणि कंडेन्सरची खालची रेषा या दोन्ही अजून विश्वासाच्या आहेत. वरच्या रेषेखालचं क्षेत्रफळ पूर्वीचंच, 3224. खालच्या रेषेखालचं आता 319 गुणिले वाढलेली रुंदी, ते 2174 येतं. वजाबाकी 1050. आधी 1237 होतं. गेलेले 186 कुठे दिसतात? कंडेन्सरच्या रेषेखाली, अगदी उजव्या टोकाला, 6.88 ते 7.46 या रुंदीचा आणि 319 उंचीचा जो नवा आयत आला, त्यात. बरोबर तेवढाच. टर्बाइनचं दुखणं किती आहे ते हा आयत दाखवतो. कार्यक्षमता 38.4 वरून 32.6 वर आली.

आणि गंमत बघ, शेवटची वाफ मात्र आता जास्त कोरडी आहे, 0.83 ऐवजी 0.91. घुसळणीची उष्णता वाफेतच मुरली. कोरडेपणा वाढला आणि कार्यक्षमता पडली. म्हणून मी ड्रायनेसला कारण म्हणायला तयार नाही.

अनुरेणू

मुद्दा पोचला. तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. तुम्ही 85 टक्के दोन्हीकडे सारखे धरता. प्रत्यक्षात ओल्या वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनला 85 मिळणारच नाहीत. बाऊमनचा ठोकताळा आहे, सरासरी एक टक्का ओल वाढली की त्या टप्प्याची कार्यक्षमता साधारण एक टक्का पडते. म्हणजे बिगर-सुपरहीट प्लँट प्रत्यक्षात कागदापेक्षा आणखी मागे पडेल. तुमचे तीन टक्के प्रत्यक्षात पाच-सहा झाले तर त्यातला निम्मा वाटा ओलीचा झाला की नाही?

तापमापी

हे धरतो. पण हिशोब दोन वहीत ठेवा. पहिली वही पट्ट्यांची, आदर्श टर्बाइन असलं तरी ती राहते. दुसरी वही ओलीची, ती ब्लेडच्या आकारावर, टप्प्यांवर, ड्रेनवर अवलंबून. निम्मा वाटा म्हणाल तर तो मशीनप्रमाणे बदलेल, एकच आकडा मी देणार नाही.

पालघरची_माया

मध्येच शिरते. आमच्या भागात तारापूरचं अणुकेंद्र. तिथे सुपरहीट करत नाहीत असं शाळेच्या सहलीत ऐकलं होतं. एवढा फायदा असताना का करत नाहीत?

तापमापी

करता येत नाही म्हणून. कोळशाच्या भट्टीतला गॅस हजार अंशांच्या पुढे असतो, त्यात सुपरहीटर टांगला की वाफ हवी तेवढी तापते. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या 540 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत उष्णता आणणारं जड पाणीच 300 अंशांच्या आसपास असतं. त्याच्यापेक्षा गरम वाफ त्यातून कशी निघणार? वाफ 250 अंशांच्या जवळपास, संपृक्त. कार्यक्षमता 30 टक्क्यांच्या आसपास.

आणि इथे अनुरेणूंची दुसरी वही जिंकते. अशा केंद्रांत हाय प्रेशर टर्बाइननंतर वाफेतलं पाणी वेगळं काढतात आणि तिला पुन्हा थोडं तापवतात. तापवायला वापरतात तीच मूळ 250 अंशांची वाफ. उष्णता त्याच उंचीवरून आलेली, नवी उंच पट्टी कुठेच नाही. आदर्श चक्राच्या हिशोबात त्याने फारसं काही मिळत नाही. तरी करतात, ते लो प्रेशर टर्बाइनची पाती वाचवायला आणि ओलीचं नुकसान टाळायला.

चैत्रपालवी

मग कोळशाच्या केंद्रात 500 वर का थांबायचं? मी 600 काढून बघितलं, 39.9 टक्के येतात. 400 ला 36.9, 500 ला 38.4. दर 100 अंशांना दीड टक्का सरळ मिळत जातो. 700, 800 का नाही?

तापमापी

कागद थांबवत नाही, लोखंड थांबवतं. जुन्या 210 आणि 500 मेगावॉटच्या संचांचं तापमान 535-540 अंशांवर स्थिरावलं ते तिथपर्यंत साधं क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद टिकतं म्हणून. नवे सुपरक्रिटिकल संच 600 च्या जवळ जातात ते जास्त क्रोमियमच्या महाग पोलादावर. नळीच्या आत दाब आणि बाहेर आग असली की धातू वर्षानुवर्षं हळूहळू ताणला जातो, याला क्रीप म्हणतात. आणि इथे दहा-वीस अंशांचा फरक नळीचं आयुष्य निम्म्यावर आणू शकतो.

मी स्वतः बघितलेलं सांगतो. एका केंद्रात सुपरहीटरची एकच नळी पुन्हा पुन्हा फुटायची. दरवेळी तुकडा बदलून बॉयलर चालू. सुरुवातीला कळायचं ते मेकअप पाण्यावरून, रोजच्यापेक्षा जास्त पाणी लागायला लागलं की नळी गळतेय. तिसऱ्यांदा फुटल्यावर आम्ही खालचा यू-बेंड कापला. आत काळ्या पापुद्र्यांचा ढीग. नळीच्या आतून गंजाचा थर धरतो, बॉयलर बंद होऊन थंड झाला की तो सोलवटून खाली पडतो आणि वळणात साठतो. त्या नळीतून वाफच कमी जात होती. आगीत टांगलेल्या नळीला थंड ठेवते ती आतली वाफच. कंट्रोल रूमला हेडरचं तापमान अगदी 540 दिसत होतं, कारण ते सगळ्या नळ्यांचं मिश्रण असतं. ती एक नळी मात्र त्याहून कितीतरी गरम चालत होती, हे कापलेल्या तुकड्याच्या फुगीवरून कळलं. आकृतीत आपण 500 चा एक बिंदू काढतो. बॉयलरमध्ये तो बिंदू शेकडो नळ्यांचा असतो आणि त्यातली सगळ्यात गरम नळी मर्यादा ठरवते.

चैत्रपालवी

हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. धन्यवाद सर.

गव्हाण काका, तुमच्या 67 बारची आकृती मी काढून बघू का? 485 आणि 450, दोन्ही. 35 अंशांनी किलोमागे किती काम जातं ते पट्टीवरून मोजता येईल. फक्त तुमची खालची रेषा कंडेन्सरची नाही, एक्झॉस्टची आहे. एक्झॉस्टचा दाब आणि तापमान लागेल.

गव्हाण

काढ की. आमच्या मालकांना दाखवायला उपयोगी पडेल. एक्झॉस्टचा दाब दीड किलोच्या आसपास, गेजवर. पण एक बघ, आमची एक्झॉस्टची उष्णता वाया जात नाही, सगळी रस आटवायला जाते. मग आमच्याकडे खालचं क्षेत्रफळ "फेकलेलं" कसं म्हणायचं? आमची कार्यक्षमता शंभर टक्के म्हणायची का?

तापमापी

हा खरा कठीण प्रश्न आहे. उष्णतेचा हिशोब केला तर जवळपास सगळीच वापरली जाते. पण रस आटवायला जेवढी वाफ लागते तेवढीच ठरलेली धरली, तर तिच्यातून आधी जास्त वीज काढून घेणं हे सुपरहीटवरच ठरतं. एका आकड्यात दोन्ही बसवायचे कसे यावर माझ्याच जुन्या सहकाऱ्यांत एकमत नव्हतं. चैत्रपालवी, तू आधी फक्त किलोमागे काम काढ, टक्केवारी बाजूला ठेव.

अनुरेणू

आणि एक्झॉस्टचं तापमान फवाऱ्याच्या आधीचं घ्या, नंतरचं नको. नंतरचं घेतलंत तर टर्बाइनचा शेवटचा बिंदू चुकीच्या जागी पडेल.

गव्हाण

तिथेच अडचण आहे. आमच्याकडे तापमान दाखवणारा एकच थर्मोवेल आहे आणि तो फवाऱ्याच्या पुढे बसवलाय. टर्बाइन आणि फवारा यांच्या मधे एक ब्लँक केलेला पॉइंट दिसतो, कशासाठी होता कुणाला माहीत नाही. येत्या साफसफाईच्या बंदला तो उघडून बघतो आणि मिळालं रीडिंग तर इथेच टाकतो.